‘बँक चार्जेस एक्स्ट्रा’ एवढं लिहून भागत नाही

एक उदाहरण घेऊ. ते मी जुळवलेलं आहे, पण असे हिशेब रोज कुणाच्या तरी टेबलावर येतात. पुण्यातली एक अनुवादिका आहे. श्टुटगार्टजवळची एक कंपनी यंत्रं बनवते, त्यातली काही चाकणच्या कारखान्यांत बसतात, आणि तिथल्या कामगारांसाठी यंत्रांची मॅन्युअल्स जर्मनमधून मराठीत आणायचं काम या बाईंकडे असतं. कंपनीत त्यांचा व्यवहार ज्यांच्याशी चालतो ते अभियंते मूळचे साताऱ्याचे, त्यामुळे पत्रव्यवहार मराठीतच होतो. काम संपलं आणि बाईंनी मेल धाडला:

> नमस्कार सर, मॅन्युअलचं काम पूर्ण झालं. इन्व्हॉइस सोबत जोडलं आहे. डीटीपीच्या खर्चासह एकूण ३,००० युरो. चालू दराने रूपांतर केलं आहे. बँक चार्जेस एक्स्ट्रा. पेमेंट लवकर व्हावं ही विनंती.

मेल नम्र आहे आणि सुटसुटीतही आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे बरोबर शंभर रुपये धरू. बाईंच्या मनात तीन लाख रुपये होते. खात्यात जमा झाले २,९३,२८० रुपये. सहा हजार सातशेहून अधिक रुपये कमी. बाईंनी सातारकरांना विचारलं, तर ते म्हणाले, “आम्ही पूर्ण तीन हजार युरो पाठवलेत, आमच्या खात्यातून तेवढेच गेलेत.” बँकेत विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, आमच्याकडे आले तेवढे आम्ही जमा केले.” दोघंही खरंच बोलत होते.

ते कसं, हे कळायला त्या ६,७२० रुपयांचे तुकडे करून पाहावे लागतात. त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. ‘बँक चार्जेस’ या एका नावाखाली त्या एकत्र बांधल्या की कुठलीच सुटत नाही.

पहिला तुकडा वाटेतला. जर्मनीतल्या बँकेतून निघालेले युरो थेट पुण्यातल्या शाखेत येत नाहीत. भारतीय बँकेचं युरोतलं खातं युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. पैसे आधी तिथे पोचतात आणि संदेश इकडे येतो. कधी मध्ये आणखी एखादी बँक असते. वाटेतली ही बँक आपली मजुरी त्या रकमेतूनच कापून घेऊ शकते. आपल्या उदाहरणात तिने २५ युरो कापले, म्हणून पुण्याच्या बँकेला मिळाले २,९७५ युरो. शंभरच्या दराने हे कापलेले २५ युरो म्हणजे २,५०० रुपये.

दुसरा तुकडा दराचा. पुण्याच्या बँकेने ते युरो विकत घेतले ते शंभरने नाही, ९८.८० रुपयांनी. बँक परदेशातून आलेले पैसे ज्या दराने विकत घेते तो टीटी बाइंग रेट. बाजारातल्या मधल्या दरापेक्षा तो नेहमी थोडा खाली असतो आणि ती दरी हीच बँकेची कमाई. २,९७५ युरोंवर प्रत्येकी १ रुपया २० पैसे म्हणजे ३,५७० रुपये गेले. सर्वांत मोठी गळती हीच, आणि कुठल्याही पावतीवर ती ‘शुल्क’ म्हणून छापलेली नसते. म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

तिसरा तुकडा पुण्याच्या बँकेच्या उघड शुल्काचा. आवक रकमेची हाताळणी समजा २५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २९५. शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवरही जीएसटी लागतो. त्याचं कोष्टक ठरलेलं आहे: एक लाख ते दहा लाख रुपयांच्या रकमेसाठी सेवेचं मूल्य १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का धरतात, आणि त्या मूल्यावर १८ टक्के. २,९३,९३० रुपयांवर हा कर साधारण ३५५ रुपये येतो. दोन्ही मिळून ६५०.

आता ‘बँक चार्जेस एक्स्ट्रा’ हे वाक्य पुन्हा वाचा. यातलं नेमकं काय एक्स्ट्रा? वाटेतले २५ युरो ग्राहकाने द्यावेत ही मागणी रास्त आहे. पुण्याच्या बँकेने दर कमी दिला तो ग्राहकाने का भरावा? बाईंनी युरोत भाव केला, युरो त्यांना मिळाले, पुढे ते कुठे आणि कितीला विकायचे हा त्यांचा प्रश्न. आणि २५० रुपयांचं आवक शुल्क? ते तर जर्मनीतल्या हिशेबनिसाला कळणारसुद्धा नाही. इतकं मोघम वाक्य वाचून तो काय करतो? काहीच नाही. बँकेच्या पोर्टलवर जो पर्याय आधीपासून निवडलेला असतो तोच राहू देतो.

तो पर्याय बहुतेकदा `SHA` असतो, आणि पहिल्या तुकड्याचं सगळं मूळ तिथे आहे. परदेशी पेमेंट पाठवताना शुल्क कोणी सोसायचं हे सांगणारे तीन संकेत असतात. `OUR` म्हणजे शुल्क पाठवणाऱ्याकडे. `BEN` म्हणजे सगळं शुल्क मिळणाऱ्याच्या रकमेतून. आणि `SHA` म्हणजे वाटून. पण हे वाटून म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे, इथेच लोक फसतात. `SHA`मध्ये पाठवणारा फक्त स्वतःच्या बँकेचं शुल्क देतो. त्याच्या बँकेच्या दारातून पैसे बाहेर पडले की पुढचं सगळं, वाटेतल्या बँकांसकट, घेणाऱ्याच्या माथी. म्हणून सातारकर प्रामाणिकपणे म्हणू शकले की आम्ही पूर्ण पैसे दिले.

युरोपच्या आतल्या आत पेमेंट असेल तर तिथल्या कायद्याने `SHA` हाच नियम आहे, आणि जर्मन हिशेबनिसाच्या हाताला तीच सवय असते. पैसे युरोपाबाहेर जाणार असतील तेव्हा `OUR` निवडता येतो, पण कुणी तरी सांगितल्याशिवाय तो निवडत नाही. सांगायचं असेल तर याच तीन अक्षरांत सांगावं. ‘चार्जेस तुमच्याकडे’ असं लिहिलं तर त्याला अर्थ लावत बसावं लागतं. `OUR` लिहिलं की त्याच्या पडद्यावर तोच शब्द दिसतो आणि तो त्यावर टिचकी मारतो.

आता ‘चालू दराने रूपांतर केलं आहे’ या वाक्याकडे येऊ. ३,००० युरोंपैकी अनुवादाचे २,४०० युरो मुळातच युरोत ठरले होते. त्यांचं रूपांतर झालेलंच नाही. रूपांतर झालं ते फक्त डीटीपीच्या खर्चाचं: बाईंनी डीटीपी करणाऱ्याला ६०,००० रुपये दिले आणि त्याचे ६०० युरो लावले. मेल वाचणाऱ्याला मात्र वाटतं की सगळीच रक्कम कुठल्या तरी दराने फिरवलेली आहे. मग तो इंटरनेटवर दर पाहतो, त्याच्याकडे १००.४० दिसतो, आणि तीन हजारांवर हुज्जत सुरू होते. म्हणजे मेलमध्ये पहिल्यांदा सांगायचं ते हे, की दराचा संबंध कुठल्या रकमेशी आहे आणि कुठल्या रकमेशी नाही.

त्यानंतर सांगायचा तो दर कुठला आणि कधीचा. ‘चालू दर’ नावाची एकच वस्तू नसते. भारतात सर्वांना पाहता येईल असा एक दर आहे: एफबीआयएल, म्हणजे फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया या मुंबईतल्या संस्थेचा संदर्भ दर. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक स्वतः जाहीर करायची. १० जुलै २०१८ पासून ते काम या संस्थेकडे आलं. कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास डॉलर, युरो, पौंड, येन यांचे दर जाहीर होतात. शनिवार-रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला होत नाहीत. त्यामुळे इन्व्हॉइस रविवारचं असेल तर ‘त्याआधी शेवटचा जाहीर झालेला दर’ एवढे शब्द घालावे लागतात, नाही तर समोरचा सोमवारचा दर धरतो आणि दोन युरोंवरून तीन मेल होतात.

या दराने बाईंचं थोडं नुकसान होतं हेही मान्य करायला हवं. ६०,००० भागिले १०० म्हणजे ६०० युरो. पण ते ६०० युरो बँक ९८.८० ने घेणार, म्हणजे हातात ५९,२८० रुपये. खिशातून गेलेले पूर्ण परत येत नाहीत, ७२० रुपयांची खोट बसते. उलट बँकेच्या टीटी बाइंग दराने भागलं असतं तर ६०७ युरो २९ सेंट लावता आले असते आणि खर्च जवळजवळ पूर्ण भरून निघाला असता. दोन्ही पद्धती योग्य आहेत. माझा कल असा: खर्चाची रक्कम लहान असेल तर एफबीआयएलचा दर धरावा, कारण तो ग्राहकाला स्वतः पडताळता येतो आणि सातशे रुपयांपेक्षा वाद टळणं स्वस्त पडतं. खर्च काही लाखांत असेल तर बँकेचा त्या दिवशीचा दरपत्रक-कागद जोडून टीटी बाइंग दर लावावा, आणि तसं लावणार हे काम सुरू व्हायच्या आधी कोटेशनमध्येच लिहावं.

तारखेच्या बाबतीत मात्र मला पर्याय दिसत नाही. दर इन्व्हॉइसच्या तारखेचा धरावा. ‘पेमेंटच्या दिवशीचा दर’ असं लिहिलं की ग्राहकाला किती पैसे पाठवायचे हेच कळत नाही. त्याच्या हिशेबखात्याला आज एक आकडा लागतो. खर्चाच्या तारखेचा दर धरला तर चार बिलांना चार दर होतात. इन्व्हॉइसच्या दिवशी आकडा युरोत गोठला की मधल्या काळातला चढउतार ज्याचा त्याने सोसायचा, आणि हेही लिहून टाकायचं.

जाता जाता एक गोंधळ बाजूला करू. बाईंच्या हिशेबात आणखी एक दर असतो. जीएसटीच्या विवरणपत्रात निर्यात सेवेची किंमत रुपयांत दाखवावी लागते आणि त्यासाठी हिशेबाच्या मान्य पद्धतीप्रमाणे, सेवेचा पुरवठा ज्या तारखेला झाला असं कायदा मानतो त्या दिवशीचा दर घ्यायचा असतो. (वस्तूंची निर्यात असेल तर सीमाशुल्क खात्याचा अधिसूचित दर.) तो दर आणि बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर यातला फरक खतावणीत विनिमय नफा-तोटा म्हणून जातो. हे सगळं बाई आणि त्यांचे सीए यांच्यातलं. ग्राहकाच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख आला की तो उगाच गडबडतो, म्हणून तिथे फक्त एकच दर लिहावा: ज्याने रुपयांतला खर्च युरोत बदलला तो.

हे सगळं धरून मेल पुन्हा लिहिला तर असा होतो:

> विषय: इन्व्हॉइस क्र. १४, ३,००० युरो, मुदत १६ जुलै
>
> नमस्कार सर,
>
> मॅन्युअलचा अनुवाद आणि छपाईसाठी तयार प्रत पाठवली आहे. सोबत १६ जूनचं इन्व्हॉइस क्र. १४ जोडत आहे. देय रक्कम ३,००० युरो, मुदत १६ जुलै.
>
> यातले २,४०० युरो अनुवादाचे आहेत. ते युरोतच ठरले होते, त्यांना विनिमय दर लागू नाही. बाकीचे ६०० युरो म्हणजे मी डीटीपीसाठी दिलेले ६०,००० रुपये (बिल सोबत आहे). त्यासाठी १६ जूनचा एफबीआयएल संदर्भ दर, १ युरो = १०० रुपये, धरला आहे. मुदतीत पेमेंट झालं तर दर पुढे वर गेला किंवा खाली आला तरी रक्कम बदलणार नाही.
>
> पेमेंट कृपया युरोतच पाठवावं, रुपयांत बदलून नको. शुल्काच्या रकान्यात `OUR` निवडावं, म्हणजे तुमच्या बँकेचं आणि वाटेतल्या बँकांचं शुल्क तुमच्याकडे राहील आणि माझ्या बँकेत पूर्ण ३,००० युरो पोचतील. माझ्या बँकेचं आवक शुल्क, रुपयांत बदलण्याचा दर आणि त्यावरचा जीएसटी माझ्याकडे.
>
> तरीही वाटेत काही कापलं गेलं, तर बँकेचा कागद जोडून नेमकी तेवढीच रक्कम पुढच्या इन्व्हॉइसमध्ये वेगळी दाखवीन. पेमेंट केल्यावर त्याचा `UETR` क्रमांक कळवावा.
>
> कळावे.

पहिल्या मेलपेक्षा हा लांब आहे, पण नंतरचे पाच-सहा मेल यात वाचतात. काही ओळी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. ‘माझ्या बँकेत पूर्ण ३,००० युरो पोचतील’ या ओळीत रेघ कुठे आखली ते दिसतं: युरो पुण्याच्या बँकेला मिळेपर्यंतचा खर्च ग्राहकाचा, त्यानंतरचा बाईंचा. आपल्या वाट्याचं काय ते स्वतःहून लिहिलं की समोरच्यालाही उरलेलं स्वीकारायला जड जात नाही.

‘रुपयांत बदलून नको’ ही ओळ अनेक जण विसरतात. काही बँकांची पोर्टलं पैसे भारतात जात आहेत हे पाहून रुपयांत पाठवण्याचा पर्याय पुढे करतात. हिशेबनिसाला वाटतं, बरंच झालं. मग रूपांतर जर्मनीतली बँक तिच्या दराने करते आणि बाईंच्या हातून दराची घासाघीस करण्याची संधी जाते. आपल्या बँकेशी मात्र बोलता येतं: रक्कम लाखांत असेल आणि पैसे बदलण्याआधी शाखेला फोन केला, तर छापील दरापेक्षा थोडा बरा दर मिळू शकतो. ३,५७० रुपयांच्या त्या गळतीवर उपाय आहे तो एवढाच, आणि तो ग्राहकाकडे मागायचा नाही.

एक व्यावहारिक अडचण अशी की मेल वाचतात सातारकर, पैसे पाठवतो हिशेबनीस. त्याच्याकडे मेल जातच नाही, फक्त इन्व्हॉइसची पीडीएफ जाते. म्हणून बँकेचा तपशील जिथे छापलेला असतो तिथेच, त्याला वाचता येतील अशा तीन ओळी पीडीएफमध्येही हव्यात:

```
Amount to be received in full: EUR 3,000.00
Charges: OUR
Pay in EUR only, do not convert to INR
```

तिथेच आपल्या बँकेकडून युरोसाठीचा नॉस्ट्रो बँकेचा तपशील मागून घेऊन छापावा. डॉलरसाठीचा वेगळा असतो. तो चुकून दिला तर पैसे लांबच्या वाटेने येतात आणि मधला एक हात वाढतो. जर्मन पोर्टल `IBAN` मागेल, पण भारतात ती पद्धत नाही, साधा खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्यायचा, हेही एका ओळीत सांगितलेलं बरं.

आता पैसे आले आणि तरी कमी आले, तर चूक कोणाची हे कसं ओळखायचं? अंदाज बांधू नये, कागद मागावा. बँकेकडून आवक रकमेचा ॲडव्हाइस आणि शक्य झाल्यास मूळ संदेशाची प्रत घ्यावी. जुन्या `MT103` संदेशात चार रकाने पाहायचे: `33B` मध्ये पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम, `32A` मध्ये बँकांमध्ये प्रत्यक्ष चुकती झालेली रक्कम, `71A` मध्ये शुल्काचा संकेत आणि `71F` मध्ये वाटेत कापलेली रक्कम. बाईंच्या पहिल्या पेमेंटमध्ये `33B` ला ३,०००, `32A` ला २,९७५, `71F` ला २५ आणि `71A` ला `SHA` दिसलं असतं, आणि सगळा वाद दोन मिनिटांत मिटला असता. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधले असे संदेश नव्या साच्यात जातात. तिथे शुल्काचा रकाना `ChrgBr` या नावाने येतो आणि `OUR` च्या जागी `DEBT`, `SHA` च्या जागी `SHAR`, `BEN` च्या जागी `CRED` दिसतं. अर्थ तोच.

`UETR` मागून घेतला तो यासाठीच. छत्तीस अक्षरांचा हा क्रमांक त्या पेमेंटच्या पूर्ण प्रवासात बदलत नाही. तो दिला की दोन्हीकडच्या बँकांना पैसे कुठल्या बँकेतून गेले हे बहुधा शोधता येतं. ‘अमुक तारखेला पाठवले’ एवढ्यावर शाखेतला कर्मचारी काही करू शकत नाही.

कागदावर `OUR` दिसत असूनही रक्कम कमी असेल तर वाटेतल्या बँकेने सूचना पाळलेली नाही. असं होतं. अशा वेळी ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार करायची असते, कारण शुल्क त्याने भरलेलं असतं. कागदावर `SHA` दिसलं तर मात्र हिशेबनिसाने पर्याय बदललेला नाही, आणि मेलमधल्या आधीच लिहिलेल्या ओळीप्रमाणे ते २५ युरो पुढच्या इन्व्हॉइसमध्ये टाकता येतात. ती ओळ आधी नसेल तर हीच मागणी मागाहून काढलेल्या कुरापतीसारखी वाटते.

सातारकरांनी उत्तर दिलं की, आमची कंपनी `OUR` पेमेंट करतच नाही, धोरणच तसं आहे, तर? मोठ्या कंपन्यांत हे ऐकायला मिळतं. अडून बसण्यात अर्थ नाही, विशेषतः शुल्काबद्दल काम घेताना काहीच ठरलं नसेल तर. इन्व्हॉइसच्या मेलमधून नवी अट लादता येत नाही, विनंती करता येते. अशा वेळी मधला मार्ग म्हणजे पुढच्या कोटेशनमध्ये ‘पेमेंट हाताळणी, २५ युरो’ अशी ठरावीक ओळ घालून `SHA` मान्य करायचं. वाटेत १५ कापले तर १० बाईंचे, ३० कापले तर ५ त्यांच्या पदरचे. लहान-लहान बिलं दर महिन्याला जात असतील तर ती तीन महिन्यांची एकत्र करावीत, कारण वाटेतली बँक प्रत्येक पेमेंटमागे कापते. ५०० युरोंच्या तीन बिलांवर ती तीनदा कापेल, १,५०० च्या एका बिलावर एकदाच.